मोठ्या साहेबांचं मुखत्यारपत्र

दुभाषीबाई केसांना रंग लावून बसली होती, तेव्हा नोटरीच्या कचेरीतून काम आलं. एक मुखत्यारपत्र होतं. त्याचं भाषांतर करायचं आणि सहीच्या दिवशी समोर बसून सही करणाऱ्याला समजावून सांगायचं. तिने फोनवरच कागद उघडला. लिहून देणाऱ्याचं नाव, हुद्दा कंपनीचा संचालक, राहणार परदेशात. परदेशात म्हणजे ती राहते त्याच देशात, तिच्याच शहरात, नदीच्या पलीकडे. नाव वाचलं आणि तिचा हात कपाळावर गेला. कपाळ काळं झालंय हे तिला संध्याकाळी शेजारणीने सांगितलं, तोवर ती तशीच घरभर फिरत होती.

मोठे साहेब. कारखान्यात त्यांना सगळे हेच म्हणायचे. आणि छोटे साहेब म्हणजे तिचे बाबा. दोघांनी मिळून पंपांची कंपनी काढली होती, दोघंही संचालक, दोघांचे शेअर सारखे. बाबा पंप बनवायचे आणि गावोगाव हिंडून विकायचे, मोठे साहेब खुर्चीत बसून कागद सांभाळायचे. कागद सांभाळणाऱ्यापासून माणसाने सांभाळून राहावं, हे बाबांना कोणी शिकवलं नव्हतं.

एका दौऱ्यात बाबांचा पाय मोडला. दवाखान्यात पाय वर टांगलेला, आणि मोठे साहेब कागद घेऊन आले. बँकेत सही लागते, सभेत मत लागतं, तुझ्या वतीने मी करत जाईन, नेहमीचंच आहे. बाबांनी न वाचता सही केली. मुखत्यारपत्र म्हणजे काय, तर आपला हात दुसऱ्याच्या खांद्याला लावून द्यायचा. सही तो करतो, धरली जाते आपली. मोठ्या साहेबांनी त्या उसन्या हाताने बाबांचे सगळे शेअर स्वतःलाच विकले, बाबांचा राजीनामाही त्याच हाताने देऊन टाकला. कुबड्या घेऊन बाबा कारखान्याच्या फाटकाशी गेले, तेव्हा पहारेकऱ्याने नमस्कार केला आणि आत सोडलं नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. वकिलाकडे गेले तर वकील म्हणाला, छोटे साहेब, तुम्हीच लिहून दिलंय, स्वतःलाही विक म्हणून.

त्यानंतर बाबा पुष्कळ वर्षं जगले. पण कागद दिसला की मोठ्याने वाचायचे. साबणाचं वेष्टण, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, बसच्या तिकिटामागचे नियम, सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत. पाहुणे हसायचे. आई शिवणाच्या यंत्रावर मान खाली घालून बसायची. आणि ही पोरगी तेव्हा मनाशी म्हणाली की, कधी ना कधी तो माणूस माझ्या हातात सापडेल. देव देतो म्हणतात ना, मग देऊ दे की.

आणि आता दिला होता. पुढे लग्न करून ती या देशात आली, इथली भाषा शिकली, सरकारी शपथ घेऊन दुभाषी झाली. मोठे साहेब बायको गेल्यावर मुलाच्या घरी राहायला इथे आले. कारखाना तिकडे मायदेशी, मुलगा विमानाने जाऊन-येऊन तो बघायचा, मोठे साहेब इथे सोफ्यावर बसून फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायचे. संचालक अजून तेच, शेअरही त्यांच्याच नावावर. आता मुलाला त्यांच्याकडून मुखत्यारपत्र हवं होतं. नोटरी इथला म्हणून मूळ कागद इथल्या भाषेत. तो वापरायचा मायदेशी, म्हणून भाषांतर आपल्या भाषेत. आणि मोठ्या साहेबांना इथली भाषा दुकानात दूध-पाव मागण्यापुरतीच येत होती. ज्याला कागदाची भाषा येत नाही, त्याला शपथ घेतलेल्या दुभाष्याने सगळं समजावून सांगायचं आणि शेवटी लिहून सही करायची की, यांना समजलंय. असा इथला कायदा होता.

तिने कागद पूर्ण वाचला आणि खुर्चीत मागे रेलून हसली. घरात कोणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर वेड लागलं म्हणाले असते. पहिली कलमं साधी होती, बँकेत सही करणे, कर भरणे, भागधारकांच्या सभेत मत देणे. मग माशी शिंकली होती. मुखत्याराने शेअर कोणालाही विकावेत, स्वतःलाही, त्याला योग्य वाटेल त्या किमतीला. संचालकपदाचा राजीनामा लिहून देणाऱ्याच्या वतीने द्यावा. आपल्या जागी दुसरा मुखत्यार नेमावा. आणि केलेल्या व्यवहाराचा जाब लिहून देणाऱ्याने मागू नये. बाबांच्या कागदाचा हा सख्खा भाऊ होता. फरक इतकाच की, बाबांना भागीदाराने गाठलं होतं आणि यांना पोटच्या पोराने.

काम परत करावं का, हा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. नियम तिला पाठ होता. लिहून देणारा नात्यातला असेल तर बसायचं नाही, त्या कागदातून आपला काही लाभ होत असेल तर बसायचं नाही. नातं नव्हतं, लाभ नव्हता. वैराबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं. तिने काम घेतलं.

भाषांतर मात्र तिने जीव ओतून केलं. तिथे खोट काढायला तिने बोटभर जागा ठेवली नाही. सूड तोंडाने घ्यायचा होता. समजावून सांगण्याच्याही तऱ्हा असतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक. एकाच सुरात, भरभर, 'सदरहू' आणि 'उपरोक्त' पेरत वाचलं की ऐकणारा माणूस मान डोलावत बसतो आणि विचारलं तर म्हणतो, हो, कळलं. खोटं काही बोलायचं नाही, एक शब्द गाळायचा नाही, आणि तरी पालथ्या घड्यावर पाणी. मग एखाद्या सकाळी मोठे साहेब कारखान्यात फोन लावतील आणि पलीकडून कोणीतरी म्हणेल, आपण कोण. त्या एका क्षणासाठी ती इतकी वर्षं थांबली होती. आरशासमोर उभी राहून तिने तसं वाचायचा सरावही केला.

नोटरीची कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीला लागून फायलींची कपाटं, आणि कोपऱ्यात एक रबराचं झाड. ते खरं की प्लॅस्टिकचं हे ती कितीही वेळा आली तरी तिला ठरवता आलं नव्हतं. नोटरी सुकलेल्या चेहऱ्याचा, हळू बोलणारा माणूस. त्याची एक रीत होती आणि ती तो कोणासाठी मोडत नसे. ज्याच्या हातात अधिकार जायचे, त्याला तो आधी बाहेर बसवायचा. मग लिहून देणारा, दुभाष्या आणि आपण, तिघंच. आणि खोलीत जे काही बोललं जाईल, मग ते खोकत बोललेलं का असेना, ते दुभाष्याने त्याला सांगायचं.

मोठे साहेब आले ते मुलाच्या हाताला धरून. म्हातारे झाले होते, कोट खांद्यावरून ओघळत होता. पण बसण्याची ढब तीच, खुर्ची आपल्या बापाची असल्यासारखी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. चिरंजीव गोडबोल्या, हसरा. बाबांना शाल हवी का, बाबांना पाणी द्या, असं त्याचं चाललं होतं. नोटरीने त्याला बाहेर बसायला सांगितलं, तोही हसत गेला.

मोठ्या साहेबांनी तिला ओळखलं नाही. कसं ओळखणार, तेव्हा ती दोन वेण्या घालून फाटकाशी उभी होती. आपल्या भाषेत बोलणारं माणूस भेटलं म्हणून त्यांना आनंदच झाला. मूळच्या कुठल्या, घरी कोण कोण, अशा चौकशा त्यांनी केल्या, आणि वाचत बसू नका बाई, पोरगं माझंच आहे, असं वर सांगितलं. तिने सांगितलं की वाचावंच लागतं. आणि तिने सुरुवात केली, सराव केला होता तशी, एका सुरात.

बँकेचं कलम झालं, कराचं झालं, सभेतल्या मताचं झालं. मोठे साहेब मान हलवत होते, नजर खिडकीबाहेर. शेअर विकण्याचं कलम आलं. 'स्वतःलाही' हा शब्द तिने न अडखळता उच्चारला आणि पुढे गेली. मान हललीच. राजीनाम्याचं कलम झालं, त्यालाही मान हलली. झालंच होतं की. दोन परिच्छेद वाचले की संपलं. तिने पान उलटलं.

आणि मोठे साहेब स्वतःहून बोलायला लागले. म्हाताऱ्या माणसांना गप्प बसवत नाही. म्हणाले, बाई, असे कागद मी जन्मभर केले. आमचा एक भागीदार होता, छोटे साहेब म्हणायचे त्याला. दवाखान्यात पडला होता. त्याच्याकडून असाच एक करून घेतला.

"वाचलासुद्धा नाही त्याने," ते हसत म्हणाले. "भोळा होता बिचारा. धंदा भोळ्यांचा नसतो."

नोटरीने विचारलं, काय म्हणाले. तिने नियमाप्रमाणे शब्दन् शब्द सांगितला. स्वतःच्या बापाला भोळा, बिचारा असं दुसऱ्या भाषेत म्हणताना तिचा आवाज हलला नाही, याचं तिलाच आश्चर्य वाटलं. तिने पाण्याचा घोट घेतला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

आणि त्या घोटाबरोबर तिला कळलं की आपला बेत चुकला. नुसता चुकला नव्हता, तो फार मवाळ होता. बाबांचं कारखान्यावाचून फारसं अडलं नव्हतं, आईच्या यंत्रावर घर चाललं होतं. बाबा खचले ते कळल्यामुळे. ज्याला भाऊ मानलं त्याने हे समजून-उमजून केलं, हे कळल्यामुळे. आणि हा माणूस? याला कळेपर्यंत कदाचित हा अंथरुणाला खिळलेला असेल, कदाचित कळण्याआधीच गेलेला असेल, मुलगा श्रावणबाळ आहे याच समाधानात. काय म्हणून? याला आत्ता कळायला हवं होतं, इथे, या टेबलाशी, तिच्या डोळ्यांदेखत.

तिने कागद खाली ठेवला आणि नोटरीला सांगितलं की, यांना समजलेलं नाही, मी पुन्हा पहिल्यापासून सांगते, आणि प्रत्येक कलम यांच्या तोंडून उलट वदवून घेते. नोटरीने मान डोलावली. त्याला असली माणसं आवडायची.

या वेळी तिने 'सदरहू' टाकून दिलं. दुकानात भाजी घेताना बोलतो तशा भाषेत सांगायला लागली. मुखत्यार म्हणजे तुमचा मुलगा. बँकेत त्याने सही केली की ती तुमची. तुम्ही भागधारक आहात म्हणून सभेत जे मत द्याल, ते तुमच्या ऐवजी तो देईल. संचालक म्हणून मंडळाच्या बैठकीत मत द्यायचं ते मात्र ज्याचं त्यानेच द्यायचं असतं, ती खुर्ची अशी उसनी देता येत नाही. मोठे साहेब खूश झाले. म्हणजे खुर्ची माझीच, म्हणाले.

"खुर्ची तुमची," ती म्हणाली. "आता पुढचं कलम ऐका. त्या खुर्चीचा राजीनामा तुमच्या वतीने तो देऊ शकतो. तुम्हाला न विचारता. आता मला सांगा, काय देऊ शकतो?"

मोठ्या साहेबांनी खिडकीवरची नजर काढली. राजीनामा, ते म्हणाले. कोणाचा, तिने विचारलं. माझा, ते म्हणाले. तिने ते नोटरीला सांगितलं आणि पुढे गेली. शेअर कोणाचे, माझे. विकणार कोण, मुलगा. कोणाला? कोणालाही, ते म्हणाले. अजून कोणाला, तिने विचारलं. तिने भाषांतरातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. एरवी मुखत्याराने मालकाची वस्तू स्वतःच घ्यायची नसते, तिने सांगितलं, जगात सगळीकडे बहुतेक हाच कायदा आहे. पण मालकानेच 'स्वतःलाही विक' असं लिहून दिलं की मग बोलायला तोंड राहत नाही. मग कोणाला विकू शकतो?

"स्वतःला," मोठे साहेब म्हणाले.

"किंमत कोण ठरवणार?"

"तोच."

"आणि तुम्ही जाब विचारायचा?"

त्यांनी भाषांतराचा कागद ओढून घेतला. चष्मा वर-खाली करत ते कलम वाचलं, मग आधीचं वाचलं, मग पुन्हा हे. त्यांच्याइतका या कागदांचा जाणकार दुसरा कोणी त्या खोलीत नव्हता. म्हणून तर एकदा वाचायला लागल्यावर सांगायची गरज उरली नाही. शेअर, मग राजीनामा, मग जाब नाही. कोणत्या क्रमाने काय करायचं ते त्यांना पाठ होतं, त्यांचाच तर शोध तो. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. दुभाषीबाई टक लावून पाहत होती. तिला बरं वाटत होतं. इतकं बरं वाटत होतं की, आई आत्ता इथे असायला हवी होती, असं तिच्या मनात येऊन गेलं.

मग त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं, हे रद्द करता येतं का. तिने तेही नीट सांगितलं, त्यात कसूर केली नाही. येतं, केव्हाही येतं. लेखी रद्द करायचं आणि मुलाला, कंपनीला, बँकेला कळवायचं. पण कळवेपर्यंत त्याने जे केलं ते तुमच्यावर बंधनकारक. आज विकले आणि उद्या रद्द केलंत, तर विकले ते गेलेच. मोठे साहेब म्हणाले, ठाऊक आहे.

त्यांनी नोटरीला तिच्या तोंडून विचारलं की, राजीनामा, दुसरा मुखत्यार आणि जाब ही तीन कलमं आणि शेअरच्या कलमातलं ते 'स्वतःलाही' काढून बाकीचं ठेवता येईल का. बँक राहू दे, कर राहू दे. नोटरी म्हणाला, का नाही, अधिकार तुमचे आहेत, तुम्ही द्याल तेवढेच जातील. त्याने आनंदाने पेन्सिल उचलली. पण मुखत्याराला ते मान्य आहे का, हे विचारायला चिरंजीवांना आत बोलावलं.

चिरंजीवांनी पेन्सिलीच्या रेघा पाहिल्या. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं, जसं काही फोटो काढायचा आहे. बापाच्या खुर्चीमागे जाऊन त्याने त्यांच्या खांद्यांवर हात ठेवले, शाल नीट केली, आणि आपल्या भाषेत, अगदी मायेच्या सुरात म्हणाला,

"बाबा, नाटकं बंद करा. सही जशीच्या तशी झाली नाही, तर आज घरी यायचं नाही. तुमची बॅग भरून ठेवायला घरी सांगून आलोय. तिकडे मायदेशी कोण सांभाळतं तुम्हाला ते बघू."

नोटरीला वाटलं असावं की मुलगा बापाची समजूत घालतोय. तोही हसला. आणि मग सवयीने दुभाषीबाईकडे वळून त्याने विचारलं, काय म्हणाले.

ती तोंड उघडणार तेवढ्यात मोठ्या साहेबांनी टेबलावरून तिच्या मनगटाला धरलं. हात थंडगार होता.

"बाई, हे सांगू नका. मी करतो सही. सगळी कलमं राहू द्या."

चिरंजीवांनीही तिच्याकडे पाहिलं. तिला आपली भाषा येते याचा त्याला विसर पडला होता की फिकीर नव्हती, कोण जाणे. दुभाषी म्हणजे टेबलावरचा फोन, असं समजणारे पुष्कळ असतात. तिला तो म्हणाला की, घरगुती बोलणं आहे, सोडून द्या.

दुभाषीबाई क्षणभर त्या मनगटावरच्या हाताकडे बघत राहिली. याच हाताने बाबांचा राजीनामा लिहिला होता. आता दोन्ही दारं तिच्यासमोर उघडी होती. गप्प बसली की म्हातारा सही करणार, उघड्या डोळ्यांनी लुटला जाणार, जसं तिला हवं होतं तसंच. पण रात्री तो आपल्या खोलीत झोपणार होता. सून ताट वाढणार होती, नातवंडं आजोबा म्हणणार होती. शेअर देऊन त्याला घर मिळत होतं. आपलेच दात आपलेच ओठ, असं म्हणून तो मुलाला मनातल्या मनात माफही करून टाकणार होता. बाबांना असा सौदा कोणी देऊ केला नव्हता. आणि सांगितलं तर कारखाना वाचणार होता. त्याच्याशिवाय काही वाचणार नव्हतं.

मनगट सोडवून घेऊन ती नोटरीकडे वळली. चिरंजीवांचं वाक्य तिने पहिल्या शब्दापासून सांगितलं, बॅगेसकट. मग बापाचं सांगितलं, 'हे सांगू नका' यासकट. मग 'घरगुती बोलणं आहे' हेही सांगितलं. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. तिच्या शपथेत हेच लिहिलेलं होतं आणि आजच्याइतक्या खुशीने तिने ती शपथ कधीच पाळली नव्हती.

नोटरीचं हसू विरलं. त्याने पेन्सिल खाली ठेवली, कागद गोळा केले आणि फाईल मिटली. धमकीखाली होणारी सही मी घेत नाही, म्हणाला, आज नाही आणि या कागदावर कधीच नाही. दुसऱ्या कोणाला अधिकार द्यायचे असतील तर साहेबांनी एकटं यावं. तिने हेही आपल्या भाषेत दोघांना समजावून सांगितलं. चिरंजीवांच्या तोंडावरचं हसू पहिल्यांदाच उतरलं. त्याने बापाच्या अंगावरची शाल काढून घेतली, घडी केली, काखेत धरली आणि दाराकडे गेला. दारातून वळून त्याने तिला एक शिवी हासडली. नोटरीने विचारलं, काय म्हणाले, आणि तिने तीही सांगितली.

खाली गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला आणि गाडी निघून गेली. नोटरी फोन करायला बाजूच्या खोलीत गेला. एकट्या म्हाताऱ्यांना निवारा देणारं एक सरकारी खातं होतं, त्यांच्याशी बोलतो म्हणाला. टेबलाशी दोघंच उरली.

मोठे साहेब रबराच्या झाडाकडे पाहत होते. मग म्हणाले, कारखाना वाचवलात बाई तुम्ही माझा. आवाजात आभार नव्हते. तिने आपला चष्मा डबीत घातला, पर्स उचलली.

"पण मी म्हटलं होतं ना, सांगू नका," ते म्हणाले. "हात धरला तुमचा. तुम्हाला पोरंबाळं नाहीत का? काय वैर होतं तुमचं माझ्याशी?"

तिने इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर घोकलं होतं. बसमध्ये, स्वयंपाक करताना, आंघोळीच्या वेळी. त्यात फाटक होतं, कुबड्या होत्या, आईचं यंत्र होतं, चांगलं लांबलचक होतं ते. आता त्यातलं काहीच तिला आठवेना.

"मी छोट्या साहेबांची मुलगी," ती म्हणाली.

मोठ्या साहेबांनी मान वर केली. तिच्या चेहऱ्यात ते काहीतरी शोधत राहिले, बहुधा त्यांना सापडलंही.

"बाबांचं तुम्ही सगळं घेतलंत," दुभाषीबाई म्हणाली. "पण गेले तेव्हा त्यांच्या उशाशी मी होते. रात्रभर त्यांना वाचून दाखवत होते. तुमचं सगळं तुमच्यापाशीच आहे, मोठे साहेब. एक शेअरसुद्धा कोणी नेला नाही."

बाजूच्या खोलीतून नोटरीने हाक मारली. त्याला त्या खात्यातल्या माणसासाठी माहिती हवी होती. साहेबांचं इथे जवळचं कोणी आहे का, रात्री ज्याला फोन करता येईल, असं त्याने तिला विचारायला सांगितलं. ती पर्स खांद्याला अडकवून तशीच उभी राहिली आणि मोठ्या साहेबांना तिने तो प्रश्न आपल्या भाषेत, सावकाश, नीट समजेल असा विचारला. मग त्यांच्या उत्तराची वाट बघत थांबली.